सहा तुलनांत का भागत नाही

पाच डबे आहेत. दिसायला सगळे सारखे, झाकणं पक्की बंद, पण वजन प्रत्येकाचं वेगळं. जवळ एक तराजू आहे, मापं मात्र नाहीत. त्यामुळे कोणत्याही डब्याचं वजन किती ते कळायची सोय नाही. दोन डबे दोन पारड्यांत ठेवायचे आणि जड कोणता ते पाहायचं, एवढंच करता येतं. या पाच डब्यांची हलक्यापासून जडापर्यंत ओळ लावायची असेल, तर तराजू किती वेळा वापरावा लागेल?

पोलंडचे गणितज्ञ ह्यूगो स्टाइनहाउस यांनी ‘मॅथेमॅटिकल स्नॅपशॉट्स’ या पुस्तकात हाच प्रश्न टेनिसपटूंच्या क्रमवारीच्या रूपात मांडला होता. त्यांनी दिलेली रीत अगदी सहज सुचणारी आहे. आधी दोघांचा क्रम लावायचा, मग एकेकाला घेऊन तयार ओळीत त्याची जागा शोधायची. जागा शोधताना सुरुवात ओळीच्या मधल्यापासून करायची, म्हणजे एका तुलनेत निम्मी ओळ बाद होते. या रीतीने दुसऱ्या डब्याला एक तुलना लागते, तिसऱ्याला दोन, चौथ्याला दोन आणि पाचव्याला तीन. एकूण आठ.

आठ झाल्या, पण सातांत भागेल का? सहांत? इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची जात वेगळी आहे. सातांत भागतं हे दाखवायला सात तुलनांची एक रीत समोर ठेवली की पुरे. सहांत भागत नाही हे दाखवायचं तर जगात कुणालाही, कितीही डोकं लढवलं तरी, सहांची रीत सापडणार नाही असं सिद्ध करावं लागतं. अजून कुणाला न सुचलेल्या रीतींबद्दलही खात्रीने बोलायचं ते कसं? संगणकशास्त्रातल्या निर्णयवृक्षाने हे काम इतकं स्वच्छ होतं, की ते शाळकरी मुलालाही समजावं.

आधी तीनच डबे घेऊ: क, ख आणि ग. क आणि ख तोलले. क हलका निघाला, तर आता ख आणि ग तोलायचे. त्यात ख हलका निघाला तर काम संपलं, क्रम क, ख, ग. पण ग हलका निघाला, तर तो क च्या आधी की नंतर हे अजून ठरायचं आहे. मग क आणि ग तोलायचे. अगदी पहिल्याच तुलनेत ख हलका निघाला असता, तर हेच सगळं नावांची अदलाबदल करून.

हे कागदावर काढलं की उलटं झाड तयार होतं. सगळ्यात वर पहिली तुलना. तिच्यातून दोन फांद्या फुटतात, कारण उत्तरं दोनच. प्रत्येक फांदीच्या टोकाला पुढची तुलना, तिच्या पुन्हा दोन फांद्या, आणि जिथे विचारायचं काही उरत नाही तिथे पान. पानावर अंतिम क्रम लिहिलेला असतो. तीन डब्यांच्या या झाडाला सहा पानं येतात. त्यांतली दोन दुसऱ्या तुलनेनंतरच भेटतात आणि चार तिसरीनंतर.

झाडाची खरी ताकद अशी, की ते एखाद्या ठरावीक रीतीपुरतं नाही. तुलना करून क्रम लावणारी कोणतीही रीत घ्या. ती स्टाइनहाउस यांची असो, संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये लपलेली असो की उद्या कुणाला सुचणारी असो, तिचं असं झाड काढता येतंच. रीत म्हणजे शेवटी काय? आतापर्यंत मिळालेल्या उत्तरांवरून पुढे कोणते दोन डबे तोलायचे, किंवा आता थांबून कोणता क्रम जाहीर करायचा, हे ठरवणारा नियम. डबे कुठे उचलून ठेवले, मध्ये आणखी काय हिशेब केला, याने झाडाला काही फरक पडत नाही. डब्यांबद्दलची माहिती फक्त तराजूतून येते, आणि तराजू दरवेळी दोनांतलं एकच उत्तर देतो.

आता पानं मोजू. तीन डब्यांचे क्रम सहा होतात: पहिल्या जागेसाठी तीन पर्याय, दुसऱ्या जागेसाठी दोन, शेवटच्या जागेला उरलेला एक. यातल्या प्रत्येक क्रमाला झाडात स्वतंत्र पान हवंच. समजा दोन वेगळे क्रम एकाच पानावर येऊन पोचले. याचा अर्थ दोन्ही वेळेला तराजूने पावलोपावली तीच उत्तरं दिली, म्हणून रीतही दोन्ही वेळेला तंतोतंत सारखीच वागली आणि शेवटी तोच क्रम जाहीर केला. पण डब्यांचे खरे क्रम तर वेगळे होते. म्हणजे दोहोंपैकी एका वेळी उत्तर चुकलंच. जी रीत कधीच चुकत नाही, तिच्या झाडाला जितके क्रम तितकी पानं लागतातच.

सगळा युक्तिवाद या परिच्छेदावर उभा आहे. पुढे उरतो तो फक्त गुणाकार.

एका तुलनेने झाडाच्या दोन फांद्या होतात, दोन तुलनांनी फार तर चार, तीन तुलनांनी फार तर आठ. दर पायरीला दुपटीपेक्षा जास्त वाढ होऊच शकत नाही. तीन डब्यांना सहा पानं हवीत आणि दोन तुलनांत चारच मिळतात, म्हणून तिसरी तुलना अटळ आहे. पाच डब्यांचे क्रम 5 × 4 × 3 × 2 × 1, म्हणजे 120. सहा तुलनांचं झाड जास्तीत जास्त 64 पानं देतं. 120 क्रम 64 पानांत मावत नाहीत, त्यामुळे सहा तुलनांत पाच डब्यांची ओळ दरवेळी बरोबर लावणारी रीत अस्तित्वातच असू शकत नाही. ती कुणाला सुचलेली नाही अशातली ही गोष्ट नाही. ती असणंच अशक्य आहे.

सात तुलनांत 128 पानं मिळतात. 120 ला ती पुरतात, पण जेमतेम, जादा फक्त आठ. ही आठ पानांची मोकळीक सांभाळत सात तुलनांची रीत बसवता येते का, हा पुढचा प्रश्न. तो 1956 मध्ये हॉवर्ड डेमुथ यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात सोडवला. त्यांची रीत पायरीपायरीने पाहण्यासारखी आहे.

डब्यांना क, ख, ग, घ, च अशी नावं देऊ. पहिली तुलना क आणि ख यांची, दुसरी ग आणि घ यांची. समजा ख आणि घ जड निघाले. तिसऱ्या तुलनेत या दोन जड डब्यांना समोरासमोर ठेवायचं. समजा घ जड निघाला. (उत्तरं वेगळी आली तर नावं बदलून घ्यायची, बाकी काही बदलत नाही.) आता कळलेलं असं: क पेक्षा ख जड, ख पेक्षा घ जड, आणि ग हा घ पेक्षा हलका. च ला अजून हातही लावलेला नाही.

या टप्प्यावर किती क्रम शक्य उरले? पहिल्या चौघांचे तीनच: ग क ख घ, किंवा क ग ख घ, किंवा क ख ग घ. च या प्रत्येकात पाच ठिकाणी बसू शकतो. तीन पाचे पंधरा. हातात चार तुलना उरल्या आहेत आणि त्या 16 पानं देतात. मोकळीक एका पानाची.

चौथ्या तुलनेनंतर उरतील तीन तुलना, म्हणजे आठ पानं. तेव्हा चौथा प्रश्न असा हवा, की उत्तर कोणतंही आलं तरी आठांपेक्षा जास्त क्रम शिल्लक राहता कामा नयेत. पंधराची विभागणी आठ आणि सात अशीच झाली पाहिजे. ज्यांचा आपसातला क्रम अजून माहीत नाही अशा सहा जोड्या आहेत, त्या एकेक करून पाहू.

बहुतेकांचा पहिला विचार असा असतो, की ग बद्दल थोडी माहिती आहेच, तर आधी त्याची जागा पक्की करून टाकावी. ग आणि ख तोलले, तर दहा क्रम एकीकडे जातात आणि पाच दुसरीकडे. दहा उरले तर पुढच्या तीन तुलनांत ते सुटणार नाहीत. ग आणि क तोलले तरी दहा आणि पाच. च आणि घ तोलले तर बारा आणि तीन, च आणि क तोलले तर अकरा आणि चार, च आणि ग तोलले तर नऊ आणि सहा. पाचही जोड्या बाद. उरते ती एक, च आणि ख. त्यात च हलका असण्याचे क्रम मोजा: ग क ख घ मध्ये ख च्या आधी तीन जागा, क ग ख घ मध्येही तीन, आणि क ख ग घ मध्ये दोन. एकूण आठ. च जड असण्याचे सात. विभागणी हवी तशी झाली.

पुढचा रस्ता सरळ आहे. च हा ख पेक्षा हलका निघाला तर पाचव्या तुलनेत तो क शी तोलायचा, जड निघाला तर घ शी. एवढ्यात क, ख, घ यांच्या ओळीत च ची जागा पक्की होते. मग उरलेला ग घ्यायचा. तो घ पेक्षा हलका आहे हे आधीच माहीत आहे, त्यामुळे घ च्या आधी जे असतील त्यांच्यातच त्याला जागा शोधायची. असे डबे फार तर तीन, म्हणजे जागा चार, आणि मधल्यापासून सुरुवात केली की दोन तुलना पुरतात. तीन, दोन आणि दोन मिळून सात.

इथे झाडाचा दुसरा उपयोग दिसतो. किती तुलना लागतील एवढंच ते सांगत नाही, चालू कामात रीत नेमकी कुठे फसली तेही दाखवतं. शिल्लक क्रम मोजायचे, उरलेल्या तुलनांची पानं मोजायची. क्रम पानांपेक्षा जास्त झाले की त्या रस्त्याने पुढे जाण्यात अर्थ नाही. आठ तुलनांची रीत हा हिशेब लावून तपासली तर तिचा तोटाही चटकन सापडतो. चार डब्यांची ओळ लागल्यानंतर पाचव्यासाठी पाच जागा उरतात, आणि पाच ही संख्या दोन तुलनांच्या चार पानांपेक्षा एकाने जास्त आहे. त्या एका जादा जागेपायी आख्खी तुलना खर्ची पडते. डेमुथ यांच्या रीतीत च आणि ग दोघेही फार तर चार जागांच्या ओळींत बसवले जातात, म्हणून तिथे आख्खी तुलना वाया जात नाही.

पाचावरून मोठ्या संख्येकडे जाताना युक्तिवाद बदलत नाही, फक्त पानं प्रचंड वाढतात. समजा 1024 नोंदी क्रमाने लावायच्या आहेत. त्यांचे क्रम म्हणजे 1 ते 1024 या सगळ्या संख्यांचा गुणाकार, गणिताच्या भाषेत 1024 चं क्रमगुणित. हा आकडा लिहून काढायची गरज नाही. त्यातले फक्त वरचे 512 गुणक घ्या, 513 पासून 1024 पर्यंतचे. यातला प्रत्येक 512 पेक्षा मोठा आहे, आणि 512 म्हणजे नऊ वेळा दुप्पट केलेला 1. तेव्हा एवढ्या गुणाकारातच 512 × 9 = 4608 दुपटी भरतात. झाडाची पानं दर तुलनेला फार तर दुप्पट होतात, म्हणून 4608 तुलनांपेक्षा कमीत काम होणं शक्यच नाही.

1024 च्या जागी कोणतीही संख्या n घेतली, की हाच हिशेब असा होतो: किमान n/2 × log2(n/2) तुलना. log2 म्हणजे एखादी संख्या किती वेळा निम्मी केली की 1 उरतो ती मोजणी. 1024 साठी ती 10 येते. n log n हा शब्दप्रयोग आला तो इथून. वस्तू n, आणि प्रत्येकीमागे साधारण log n तुलनांचा खर्च. खालचे 512 गुणक सोडून दिल्यामुळे 4608 हा अंदाज बराच सैल आहे. क्रमगुणिताचा पूर्ण हिशेब केला तर मर्यादा सुमारे 8769 तुलनांची येते.

आता प्रत्यक्षातल्या रीती या मर्यादेच्या किती जवळ जातात ते पाहू. जॉन फॉन नॉयमन यांनी 1945 मध्ये लिहिलेली मर्ज सॉर्ट नावाची रीत यादीचे दोन भाग करते, दोन्ही क्रमाने लावते आणि मग एकमेकांत मिसळते. 1024 नोंदींना तिला फार तर 9217 तुलना लागतात. अशक्य ठरलेल्या हद्दीपासून ती 450 तुलनासुद्धा दूर नाही. त्याउलट प्रत्येक नोंद दुसऱ्या प्रत्येक नोंदीशी ताडून पाहणाऱ्या रीतीला 5,23,776 तुलना लागतात. दहा लाख नोंदी घेतल्या तर मर्यादा साधारण 1 कोटी 85 लाख तुलनांची आहे, आणि सगळ्या जोड्या ताडणाऱ्या रीतीचा खर्च जवळजवळ 50 हजार कोटी. म्हणून मर्ज सॉर्टसारखी रीत हाती आल्यावर तुलनांची संख्या आणखी दहा पटींनी कमी करायच्या मागे कुणी जाणकार लागत नाही. तिथे जागाच शिल्लक नाही.

यावर एक शंका हमखास निघते. ही मर्यादा सगळ्यात वाईट परिस्थितीची आहे. नशीब चांगलं असेल तर काम लवकर होणार नाही का? होतं, कधी कधी. यादी आधीच क्रमाने लागलेली असेल आणि रीत शेजारच्या जोड्या तपासत निघाली, तर 1024 नोंदींना 1023 तुलनांत निकाल लागतो. झाडात ते एक पान मुळाच्या जवळ असतं एवढंच. सगळी पानं जवळ आणता येत नाहीत. 8759 तुलनांच्या आत जास्तीत जास्त किती क्रम सुटतील ते पाहा. मर्यादेपेक्षा आपण दहा पायऱ्या वर आहोत, आणि दहा पायऱ्या म्हणजे दहा वेळा निम्मी. त्यामुळे तोवर भेटलेली पानं एकूण क्रमांच्या एक हजारांश भागाएवढीही भरत नाहीत. यादी नीट पिसलेली असेल, तर कोणत्याही रीतीने घाई केली तरी हजारातल्या एखाद्याच यादीला तिचा फायदा मिळेल. सरासरीनेही n log n चुकत नाही ते यामुळे.

मग क्रम लावण्याचं प्रत्येक काम या मर्यादेत अडकलेलं आहे का? नाही. झाडाला दोनच फांद्या फुटत होत्या, कारण माहितीचा एकमेव मार्ग तराजू होता. वस्तूकडे सरळ पाहून तिच्याबद्दल जास्त काही कळत असेल तर युक्तिवाद लागूच होत नाही.

याचं उत्तम उदाहरण आपल्या टपालात आहे. 15 ऑगस्ट 1972 पासून भारतात सहा अंकी पिनकोड सुरू झाला. त्याची योजना केली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले हे वरिष्ठ अधिकारी संस्कृत कवी म्हणूनही ओळखले जात. त्याआधी गावांच्या सारख्या नावांमुळे आणि वेगवेगळ्या भाषांतल्या पत्त्यांमुळे पत्रं भलतीकडे जात. पिनकोडमुळे पत्रं लावणारा माणूस दोन पाकिटं हातात घेऊन कोणतं आधी आणि कोणतं नंतर असा विचार करत बसत नाही. पाकिटावरचा अंक वाचतो आणि त्या अंकाच्या खणात टाकतो. पहिला अंक 4 असेल तर पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडचं. एका नजरेत नऊपैकी एक खण ठरतो, आणि इतर पाकिटांशी गाठ घालायची वेळच येत नाही.

हीच कल्पना पुरती राबवली, तर एक लाख सहा अंकी क्रमांक उजवीकडच्या अंकापासून सुरुवात करून सहा फेऱ्यांत पूर्ण क्रमाने लागतात. दर फेरीत एका क्रमांकाला एकदाच हात, म्हणजे एकूण सहा लाख वेळा. एक लाख वेगवेगळ्या वस्तू केवळ तुलनेने लावायच्या तर 15 लाखांहून अधिक तुलना लागतात. याला रॅडिक्स सॉर्ट म्हणतात, आणि पंचिंग कार्डांच्या काळातली यंत्रं असंच काम करत. मात्र त्यासाठी प्रत्येक वस्तूवर ठरावीक लांबीचा आकडा हवा. बंद डब्यांवर तो नसतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने क्रमाचा नियम म्हणून फक्त ‘या दोघांतलं आधी कोण’ एवढंच सांगणारं फंक्शन दिलं असेल, तर त्याच्याजवळही तो नसतो, आणि मग झाडाची मर्यादा पूर्णपणे लागू होते.

शेवटी त्या जादा पानांचा प्रश्न उरतो. पाच डब्यांच्या वेळी 128 पैकी 120 पानं वापरता आली. असं दरवेळी जमतं का? लेस्टर फोर्ड आणि सेल्मर जॉन्सन यांनी 1959 मध्ये डेमुथ यांच्यासारखीच, पण कितीही वस्तूंना चालणारी रीत प्रसिद्ध केली. अकरा वस्तूंपर्यंत ती झाडाने आखलेल्या मर्यादेला बरोबर टेकते. बारा वस्तूंचे क्रम 47,90,01,600. 29 तुलनांत 53,68,70,912 पानं मिळतात, म्हणजे जागा पुरेशी दिसते. फोर्ड आणि जॉन्सन यांच्या रीतीला मात्र 30 लागत होत्या. दोष रीतीचा होता की आणखी काही? 1965 मध्ये मार्क वेल्स यांनी लॉस अलामोस इथल्या मॅनिॲक 2 या संगणकावर सुमारे 60 तास शोध चालवला आणि 29 तुलनांची कोणतीही रीत नाही हे दाखवून दिलं. पानं पुरेशी होती, पण प्रत्येक टप्प्यावर क्रमांचे जवळपास समान दोन भाग करणारा प्रश्नच उपलब्ध नव्हता. पाच डब्यांच्या वेळी सहांतली जी एक जोडी वाचली होती, तशी एकही इथे वाचली नाही.

पुढे मार्चिन पेचार्स्की यांनी 13, 14, 15 आणि 22 या संख्यांचा निकाल संगणकाच्या मदतीने लावला. 16 वस्तूंना झाडाच्या हिशेबाने किमान 45 तुलना लागतात, आणि 45 पुरतील असा डोनाल्ड क्नूथ यांचा कयास होता. फ्लोरियान श्टोबर आणि आर्मिन वाइस यांनी तो 2023 च्या सुमारास खोटा ठरवला: 46 लागतातच. त्याच कामात 17 साठी 50 आणि 18 साठी 54 हे आकडेही पक्के झाले, आणि 22 वस्तूंपर्यंतची यादी पूर्ण झाली. 23 वस्तूंसाठी झाडाची मर्यादा 75 ची आहे, आणि फोर्ड-जॉन्सन यांची रीत 76 घेते.